अल्पकालीन निवासव्यवस्थेतील घरनियम व आगमन-संदेश : वसमत परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे शहर हळदीच्या बाजारपेठेसाठी परिचित आहे. शासनाने येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले आहे. एका बाजूस बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे औंढा नागनाथ आणि दुसऱ्या बाजूस नांदेडचे तख्त सचखंड हजूर साहिब अशी दोन तीर्थक्षेत्रे येथून तासाभराच्या आतबाहेर आहेत. २००८ मध्ये नांदेड येथे गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा आलेल्या भाविकांच्या निवासाचा प्रश्न सर्व परिसराने अनुभवला. हॉटेल व लॉज यांच्या पलीकडे, राहत्या घराचा वरचा मजला किंवा रिकामी असलेली दोन खोल्यांची जागा एक-दोन रात्रींसाठी पाहुण्यांना देणे हा अशा परिसरातील स्वाभाविक जोडव्यवसाय होय.

या व्यवसायात घरमालक पाहुण्याला जो मजकूर पाठवितो, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. दाराच्या मागे एक कागद चिकटविला जातो आणि मोबाइलवर ‘स्वागत आहे’ एवढा निरोप जातो. पुढे रात्री गोंगाट झाला अथवा वस्तू मोडली की तोच कागद दाखवून पैसे मागितले जातात, आणि वाद होतो. प्रस्तुत लेखात अशा मजकुराची रचना, त्यामागील कायद्याचा आधार व त्याच्या मर्यादा यांचे विवेचन आवाज आणि हानी या दोन मुद्द्यांपुरते केले आहे. विवेचनाच्या सोयीसाठी एक घर कल्पिले आहे. वसमतमधील एका गल्लीत मालक तळमजल्यावर राहतो, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, शेजारच्या घराची भिंत चिकटून आहे. एका रात्रीचे भाडे १,५०० रुपये आणि अनामत २,००० रुपये आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल समजावेत.

कोणता मजकूर केव्हा द्यावा

घरनियम आणि आगमन-संदेश हे दोन वेगळे मजकूर आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. घरनियम म्हणजे मुक्कामाच्या अटी, आणि आगमन-संदेश म्हणजे येणाऱ्याला दिलेली वाट व किल्ली. पहिला मजकूर पैसे स्वीकारण्यापूर्वी पोहोचला पाहिजे, दुसरा येण्याच्या दिवशी. या क्रमाला कायद्याच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे.

इंग्लंडमधील ‘ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट’ हा १९४९ चा निवाडा या संदर्भात उद्बोधक आहे. हॉटेलमध्ये उतरलेल्या एका बाईंचे किमती फरचे कपडे खोलीतून चोरीस गेले. खोलीच्या भिंतीवर ‘वस्तू व्यवस्थापिकेकडे सुरक्षित ठेवण्यास दिल्या नसल्यास मालक जबाबदार नाहीत’ अशा अर्थाची सूचना लावलेली होती. न्यायालयाने म्हटले की करार स्वागतकक्षात, नोंद होते वेळी पूर्ण झाला. खोलीत गेल्यावर दिसलेली सूचना त्या कराराचा भाग होऊ शकत नाही. हा निवाडा आपल्याकडील न्यायालयांवर बंधनकारक नाही. परंतु प्रस्ताव व स्वीकृती यांतून करार घडतो हे भारतीय करार अधिनियम, १८७२ चेही मूलभूत तत्त्व आहे. आपल्या उदाहरणातील घरमालकाने जर दूरध्वनीवर आगाऊ रक्कम घेतली आणि हानीच्या भरपाईची अट मात्र दारामागच्या कागदावर ठेवली, तर ती अट पाहुण्याने मान्य केली होती असे म्हणणे त्याला अवघड जाईल.

यावरील उपाय साधा आहे. पैसे घेण्यापूर्वी मोबाइलवर पाच-सहा ओळींचा मजकूर पाठवावा आणि ‘मान्य’ असे उत्तर आल्यावरच आगाऊ रक्कम स्वीकारावी. दारामागचा कागद राहू द्यावा, पण त्यात नवी अट नसावी. आधी मान्य झालेल्या गोष्टींची ती केवळ आठवण असावी. एअरबीएनबीसारख्या माध्यमावर घराच्या नोंदीतच नियम लिहिण्याची सोय असते, त्यामुळे तेथे हा क्रम आपोआप पाळला जातो. लहान शहरांत बहुतेक आरक्षण ओळखीतून व दूरध्वनीवरून होते, म्हणून तेथे ही काळजी मालकालाच घ्यावी लागते.

आवाजाचा प्रश्न

घरनियमांत आवाजाविषयी लिहिताना बहुतेक मालकांच्या डोळ्यांसमोर मोठ्या शहरातील मेजवानी असते. नमुन्यादाखल उचललेल्या नियमांत ‘पार्टीस सक्त मनाई’ हे पहिले वाक्य असते. वसमतमध्ये येणारा पाहुणा प्रायः औंढ्याला निघालेले कुटुंब, हजूर साहिबच्या दर्शनाचे यात्रेकरू किंवा हळदीच्या सौद्यासाठी आलेला व्यापारी असतो. त्याला हे वाक्य वाचून आपल्याविषयी संशय घेतला जात आहे असे वाटते, आणि ज्या आवाजाचा खरा त्रास होतो त्याविषयी मात्र तो अनभिज्ञच राहतो.

तो आवाज पहाटेचा आहे. श्रावणातील सोमवारी किंवा महाशिवरात्रीला रांग टाळावी म्हणून मंडळी रात्री तीनलाच निघतात. चालक गाडी सुरू करून ठेवतो, कोणी जिन्यावरून सामान ओढीत उतरतो, वरून खाली हाका मारल्या जातात, विसरलेल्या पिशवीसाठी हॉर्न वाजतो. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. तथापि चिकटून असलेल्या भिंतीपलीकडे दिवसभर कामाने थकलेले शेजारी झोपलेले असतात, आणि महिन्यातून चार वेळा झोपमोड झाल्यावर त्यांचे मालकाशी असलेले वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात. पाहुणा दुसऱ्या दिवशी निघून जातो. मालकाला तेथेच राहावयाचे असते.

कायद्याचा आधार येथे स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा काळ ‘रात्र’ मानला जातो. निवासी क्षेत्रासाठी ध्वनिपातळीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरविलेली आहे. खाजगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये, अशीही तरतूद आहे. म्हणजे खोलीतील स्पीकरसाठी रात्रीची हद्दीवरील मर्यादा ५० डेसिबल होते. घरमालकाने मापनयंत्र घेऊन फिरावे अशी अपेक्षा नाही, आणि मोबाइलमधील मापकाच्या आकड्यावर विसंबून वाद घालणेही शहाणपणाचे नाही. व्यवहारात एक सोपी कसोटी पुरते : शेजाऱ्याच्या भिंतीपाशी उभे राहिल्यावर वरच्या खोलीतील बोलण्याचे शब्द ओळखू येत असतील, तर आवाज जास्त आहे.

नियम लिहिताना म्हणून वेळ, जागा व कृती यांचा स्पष्ट उल्लेख करावा. ‘शांतता राखावी’ हे वाक्य कोणालाच काही सांगत नाही. ‘रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत गच्चीवर व जिन्यात बोलणे टाळा’ हे सांगते. येथे मराठीच्या क्रियापदांचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे. ‘आवाज करू नये’, ‘प्रवेश करू नये’ ही विध्यर्थी रूपे सरकारी फलकांमुळे आपल्या कानांना कोरडी वाटतात. ‘केला जाऊ नये’ या कर्मणी रचनेत तर बोलणारा आणि ऐकणारा दोघेही नाहीसे होतात. वयाने मोठ्या पाहुण्याला ‘करू नका’ असे नुसते लिहिणेही उद्धट भासते. तेच ‘नका’ कारणासह आले की त्याचा काटा निघून जातो : ‘गाडी दारात सुरू करून ठेवू नका, शेजारी आजी आजारी असतात.’ कारण अर्थातच खरे असावे. शेजारी आजी नसतील तर ‘भिंतीला लागून शेजाऱ्यांची झोपायची खोली आहे’ एवढे पुरेसे आहे.

हानी, भरपाई आणि ‘दंड’

‘वस्तू मोडल्यास ५,००० रुपये दंड’ असे वाक्य अनेक ठिकाणी आढळते. दंड आकारण्याचा अधिकार खाजगी व्यक्तीस नाही, हे एक. दुसरे असे की करारात रक्कम आधीच लिहून ठेवली तरी ती सर्वस्वी मिळतेच असे नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशी रक्कम ही कमाल मर्यादा ठरते, आणि तिच्या आत जी वाजवी भरपाई असेल ती मागता येते. ‘कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण’ या २०१५ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ पुन्हा विशद केला. हानी झालीच नसेल तर भरपाई नाही, आणि हानी मोजता येण्यासारखी असेल तर ती सिद्ध करावी लागते, असा त्याचा आशय आहे. अनामत हाती आहे म्हणून ती ठेवून घेण्याचा हक्क मिळतो, ही समजूत म्हणून चुकीची आहे.

वसमतच्या संदर्भात एक उदाहरण सविस्तर पाहू. हळदीचे नमुने घेऊन आलेल्या व्यापाऱ्याची पिशवी पलंगावर सांडली व पांढऱ्या चादरीवर डाग पडला. मालकाने घाईने साबण लावला, तर डाग लाल झाला. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य अल्कधर्मी साबणाच्या संपर्कात तांबडे होते, हे घरोघरी ठाऊक असूनही प्रत्येक वेळी घाबरवते. तेच द्रव्य सूर्यप्रकाशात विघटन पावते. चादर धुऊन ओलसर असताना एक-दोन दिवस कडक उन्हात टाकली तर डाग पुष्कळसा उडतो. पाहुणा निघताना लाल डाग दाखवून चादरीची पूर्ण किंमत मागणे म्हणजे अजून न ठरलेल्या हानीची वसुली करणे होय. दोन दिवस थांबावे. डाग गेला तर मागणी नाही, फार तर धुलाईचा खर्च, तोही आधी सांगितला असल्यास.

डाग गेला नाही तर हिशेब असा. चादर ९०० रुपयांची, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. रोजच्या धुण्याने अशी चादर साधारण तीन वर्षे टिकते असे धरले, तर तिचे एक वर्ष उरले होते, म्हणून वाजवी भरपाई ३०० रुपये होते. फुटलेल्या वॉश बेसिनचे मात्र असे नाही. तेथे तशाच बेसिनची किंमत आणि प्लंबरची मजुरी, दोन्ही पावतीसह मागता येतात. झिजलेली चटई, सैल झालेली कडी, भिंतीवरचे बोटांचे ठसे ही वापराची झीज आहे. तिचा भार भाड्यातच धरलेला असतो. ही सीमारेषा मालकाने स्वतःशी निश्चित केली की नियमांत दटावणीची भाषा वापरण्याची गरजच उरत नाही. (हळदीच्या हंगामात वरच्या खोल्यांत गडद रंगाच्या चादरी घालणे हा याहून सोपा मार्ग आहे, हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी.)

पुराव्याबाबत एवढेच : पाहुणा येण्यापूर्वी त्याच दिवशी प्रत्येक खोलीची, बेसिनची व पलंगाची छायाचित्रे काढावीत आणि निघताना पाहुण्यासमक्ष दहा मिनिटे खोली पाहावी. पाहुणा गेल्यानंतर चार दिवसांनी पाठविलेल्या छायाचित्राला फारसा अर्थ राहत नाही.

मजकुराचे नमुने

वरील विवेचनानुसार पैसे घेण्यापूर्वीचा मजकूर पुढीलप्रमाणे होऊ शकेल.

‘नमस्कार. आपली १४ तारखेची एका रात्रीची विचारणा मिळाली. दोन खोल्या, सहा माणसांपर्यंत, भाडे १,५०० रु. आगाऊ ठरवण्याआधी चार गोष्टी सांगतो. (१) आमची भिंत शेजाऱ्यांच्या घराला लागून आहे, म्हणून रात्री १० ते सकाळी ६ गच्ची बंद असते व खोलीत स्पीकर लावता येत नाही. (२) पहाटे निघणार असाल तर सामान रात्रीच गाडीत ठेवा. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करा. (३) अनामत २,००० रु. निघताना खोली पाहून लगेच परत मिळेल. काही मोडले तर दुरुस्तीची किंवा वस्तूच्या वापराप्रमाणे उरलेली किंमत पावतीसह घेऊ. अनामतीपेक्षा जास्त मागणार नाही. डाग पडल्यास धुलाईचे १०० रु. (४) सहाहून जास्त माणसे असतील तर आधी कळवा. हे मान्य असल्यास ‘मान्य’ लिहा, म्हणजे जागा आपल्यासाठी ठेवतो.’

यातील ‘अनामतीपेक्षा जास्त मागणार नाही’ हे वाक्य मालकाला तोट्याचे वाटेल. तथापि पाहुण्याला आपली जबाबदारी कोठे थांबते ते कळले की तो मोडलेली वस्तू लपवीत नाही. ज्याला हे मान्य नसेल त्याने अनामत वाढवावी; मर्यादा मात्र लिहावी.

आगमन-संदेश येण्याच्या दिवशी सकाळी जावा. आदल्या आठवड्यात पाठविलेला संदेश इतर संदेशांखाली बुडतो. त्यात वाट पहिली, किल्ली दुसरी आणि नियम शेवटी असावेत. प्रवासात असलेल्या माणसाला त्याच क्रमाने त्यांची गरज पडते. परगावच्या पाहुण्यासाठी एक स्थानिक अडचण आहे : रेल्वेच्या तिकिटावर व काही नकाशांत गावाचे नाव ‘बसमत’ असे येते. तेलंगण-पंजाबकडील यात्रेकरू यामुळे गोंधळतात.

‘नमस्कार, आज आपली वाट पाहतो. वसमत आणि बसमत एकच गाव आहे. घराचे ठिकाण सोबतच्या नकाशात आहे. दुपारी १२ नंतर केव्हाही या, उशीर होणार असेल तर फोन करा, मी खालीच राहतो. जिन्याची किल्ली मी हाती देईन. वीज गेली तर दिवे व पंखे इन्व्हर्टरवर चालतात, गिझर चालत नाही. पहाटे अंघोळ असेल तर पाणी रात्रीच तापवून ठेवा. आधी बोललो तेच पुन्हा : दहानंतर गच्ची व स्पीकर बंद, पहाटे जिन्यात हळू, गाडी गल्लीच्या तोंडाशी. काही सांडले किंवा मोडले तर लगेच सांगा, संकोच करू नका. लवकर कळले तर बहुतेक गोष्टी दुरुस्त होतात. औंढ्याला किती वाजता निघणार ते रात्री सांगून ठेवा, म्हणजे फाटक उघडे ठेवतो.’

शेवटचे वाक्य वरकरणी आतिथ्याचे आहे. प्रत्यक्षात त्यामुळे फाटकाशी हाका मारण्याचे कारणच नाहीसे होते. हिंदी भाषक पाहुण्यांसाठी हाच मजकूर हिंदीत तयार ठेवावा, आणि दोन्ही मजकुरांतील वेळा व रकमा तंतोतंत एक आहेत हे तपासावे. पाहुणा परदेशी नागरिक असल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेस ऑनलाइन कळविणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणून पारपत्राची प्रत लागेल हेही पहिल्याच मजकुरात सांगावे.

नियम मोडला गेल्यास

रात्री अकराला गच्चीवरून हास्यविनोद ऐकू आला, तर पहिला संदेश लेखी व थोडक्यात असावा : ‘दादा, आवाज शेजारी ऐकू जातो आहे. गच्चीवरून खोलीत येता का?’ लेखी असल्यामुळे वेळ नोंदली जाते, आणि प्रश्नार्थक असल्यामुळे पाहुण्याला इतरांसमोर कमीपणा वाटत नाही. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर मालकाने स्वतः वर जावे. दुसऱ्या वेळी मात्र ठरलेल्या अटीचा स्पष्ट उल्लेख करावा आणि आवाज थांबला नाही तर उद्या सकाळी मुक्काम संपेल हे सांगावे.

‘उद्या सकाळी’ म्हणण्याचे कारण आहे. अशा पाहुण्याला जागेत राहण्याची केवळ परवानगी दिलेली असते. तो भाडेकरू नसतो. परवानगी काढून घेता येते. परंतु भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ प्रमाणे परवानगी रद्द झाल्यावरही जागा सोडण्यास व सामान नेण्यास वाजवी वेळ मिळण्याचा त्याला हक्क आहे. लहान मुले व वृद्ध असलेल्या कुटुंबाला परगावी रात्री दोन वाजता बाहेर काढणे कोणत्याही अर्थाने वाजवी ठरणार नाही. वीज-पाणी तोडणे किंवा सामान अडवून ठेवणे यामुळे तर मालकच दोषी ठरू शकतो. भांडण, मारहाण किंवा धमकी असेल तेव्हा ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. तेथे घरनियमांचे काम संपते.

हानीच्या बाबतीत असाच संयम उपयोगी पडतो. चादरीच्या उदाहरणात मालकाने निघताना अनामतीतील १,६०० रुपये परत करावेत, ४०० रुपये मागे ठेवावेत आणि तेथेच सांगावे : ‘काका, चादर दोन दिवस उन्हात टाकतो. डाग गेला तर धुलाईचे शंभर ठेवून तीनशे तुम्हाला पाठवतो, नाही गेला तर चादरीचे तीनशे व धुलाईचे शंभर असे चारशे होतील.’ तिसऱ्या दिवशी चादरीच्या छायाचित्रासह हिशेब पाठवावा, आणि डाग गेला असेल तर तीनशे रुपये त्याच संदेशासोबत परत करावेत.